पिकवलेले केस

धारमध्ये खंडोजी जिनगराला लोक फोटोवाला म्हणत, पण त्याचं खरं नाव झालं होतं ते दुसऱ्याच कामात. तो माणसाला वय द्यायचा आणि वय काढूनही घ्यायचा. कुणाचा बाप तरुणपणी वारला, घरात त्याचा एकच जुना फोटो, आणि आई आता पिकली. तर मुलं यायची आणि म्हणायची, आईशेजारी शोभेल असा बाप करून द्या. कुणी पन्नाशीचे भैयासाहेब यायचे आणि आडून आडून सुचवायचे, कल्ले जरा काळे निघाले तर बरं. खंडोजी कुणालाही नाही म्हणत नसे. बाप-आजे घोड्यांची जिनं शिवत आणि मेणे रंगवत. याने काचेवर पेन्सिल धरली, एवढाच काय तो फरक.

त्याचा एक नेम मात्र होता, आणि तो नेम तो गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात ऐकवायचा. "वय केसांत दाखवीन. चेहऱ्याला पेन्सिल लावणार नाही. सुरकुती कुठे पडली असती ते देवाला ठाऊक. मी काढली तर माणूसच बदलायचा." हे सांगताना त्याची मान थोडी ताठ व्हायची. माणसाला आपल्या सचोटीचा अभिमान वाटू लागला की ती जरा तपासून पाहावी, पण हे त्याला सांगणार कोण?

चैत्रातल्या एका सकाळी देवासहून भवानीबाई आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ भास्कर होता. तीही जिनगरांचीच, दीर देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजघराण्याच्या, पागेत जिनं शिवायचा. भवानीबाई पस्तिशीच्या आतबाहेरची, कुंकू ठसठशीत, बोलणं मोजकं. तिने पदरातून एक फडकं काढलं आणि फडक्यातून एक पिवळा पडलेला लहानसा फोटो. त्यात एक तरुण उभा होता, पागोटं हातात धरून, दाट काळ्या केसांचा.

"माझे मेहुणे," भास्कर म्हणाला. "यशवंतराव. पागेतल्या दरोग्यानं चोरीचा आळ घेतला, आणि त्याच रात्री निघून गेले. मी तेव्हा इत्तासा होतो, मला तर शक्लही धड आठवत नाही. बारा साल पूरी झाली भिया."

बारा वर्षं म्हटल्यावर खंडोजीला पुढचं कळलं. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही तो मेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक पाळायचं. बायकोने कुंकू पुसायचं.

"थोरले दीर म्हणतात, वैशाखात उरकून घेऊ," भवानीबाई म्हणाली. "मी म्हटलं, एकदा शोधू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं. पण हा फोटो दाखवून कोण ओळखणार? आता तसे दिसत नसणार ते. सासरे लवकर पिकले होते. पस्तिशीत कानावरचे केस पांढरे, मिशा तिळातांदळासारख्या. यांचंही तसंच झालं असेल."

नवऱ्याचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. फोटोकडे मात्र अशी पाहत होती की जणू त्याला हाक मारते आहे. खंडोजीने फोटो उजेडात धरला. कुठेतरी पाहिल्यासारखा चेहरा वाटला. पण या मुलखात आपल्या जातीची घरं ती किती, नाकंडोळे एकमेकांत मिसळायचेच. त्याने तिला आपला नेम ऐकवला आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. बहीणभाऊ धर्मशाळेत उतरले.

काम त्याच्या हातचं होतं. आधी त्याने जुन्या फोटोचाच कॅमेऱ्याने फोटो घेतला, म्हणजे नवी काच मिळाली. काचेवर सगळं उलटं असतं: पांढरा सदरा काळा, आणि काळे केस नितळ, आरपार. कागदावर छापताना जिथून ऊन आरपार जाईल तिथे कागद काळा होतो. जिथे अडेल तिथे पांढरा राहतो. तेव्हा केस पिकवायचे म्हणजे काचेवरच्या त्या नितळ जागेत उन्हाची वाट अडवायची. खंडोजीने टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ काचेवर हलक्या हाताने पुसली, म्हणजे पेन्सिल धरते. मग काच उतरत्या चौकटीत ठेवली, खाली आरसा लावून उजेड वर घेतला, आणि सुईसारखं टोक केलेल्या कडक पेन्सिलीने एकेक केस ओढायला लागला. केस जसा वळतो तशीच रेघ. आधी कानांवर, मग कल्ल्यांत, मग पातळ मिशांत. भवानीबाईने सांगितलं तेवढंच. चेहऱ्याच्या जागी पेन्सिल गेली नाही.

काचेवर माणूस ओळखू येत नाही. काळा चेहरा, पांढरे डोळे. सख्खा भाऊ असला तरी भूतच दिसतो. म्हणून खंडोजीला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने काच आणि कागद छापायच्या चौकटीत घट्ट बसवले आणि गच्चीवर उन्हात ठेवले. थोड्या वेळाने कागदावर रंग कितपत चढला ते पाहायला चौकटीची मागची अर्धी फळी उचलली, कागद उलगडला, आणि तिथेच उकिडवा बसला.

कागदावरून त्याचा मेहुणा त्याच्याकडे पाहत होता.

त्याची धाकटी बहीण सरला कुक्षीला दिली होती. तिचा नवरा नारायणराव जिनं आणि बैलांचे साज शिवायचा. खानदेशाकडून आलो, घरची सगळी माणसं प्लेगात गेली, असं सांगून तो कुक्षीत राहिला होता. आईबाप नसलेल्या बहिणीला जातीतला, हाताला कसब असलेला, निर्व्यसनी मुलगा चालून आला. खंडोजीने खानदेशात एक माणूसही विचारपूस करायला पाठवला नाही. केस तेव्हाच पिकू लागलेले. सरला त्याच्यापुढे अगदी पोर दिसायची. तीन वर्षांपूर्वी खंडोजी कॅमेरा घेऊन कुक्षीला गेला तेव्हा नारायणराव फोटोला बसायलाच तयार नव्हता. सरलाने हट्ट धरला, आणि वर भावाच्या कानात सांगितलं, "दादा, यांचे केस तेवढे काळे कर. बाजारात लोक विचारतात, बाप आला का म्हणून." खंडोजी हसला होता आणि त्याने केले होते. पिकलेले केस काचेवर दाट उतरतात. ते पातळ पात्याने हळूहळू खरवडून नितळ करावे लागतात. खरवडलेलं परत येत नाही, म्हणून हे काम पेन्सिलीपेक्षा अवघड. तो फोटो सरलाच्या ओटीवर लावलेला होता. तो एका परीने यशवंतरावाचाच फोटो होता, आणि खंडोजीने तो आपल्या हाताने केला होता. तरी भवानीबाईच्या फडक्यातला तरुण पाहून त्याची खात्री पटली नव्हती. कानावरचे पांढरे केस परत आले तेव्हा पटली.

तो गच्चीवर किती वेळ बसला होता त्याला कळलं नाही. कागद उन्हात काळाठिक्कर पडला. खाली त्याच्या बायकोने जेवायला हाक मारली, तर म्हणाला, भूक नाही.

हे चित्र घेऊन भवानीबाई कुक्षीच्या बाजारात उभी राहिली, तर पहिलाच पानवाला सांगेल, हे तर आपले नारायणराव. मग सरलाचं काय? तिची दोन मुलं. नवऱ्याला आधीची बायको आहे, त्याने नावापासून सगळं खोटं सांगितलं, हे तिने चारचौघांत ऐकायचं. आणि जात विचारणार, बहीण देताना खंडोजीचे डोळे कुठे गेले होते? खरं तर हा शेवटचा प्रश्नच त्याला आधी सुचला होता. बहिणीची कणव त्यानंतर आली. पुढे कधीही त्याने स्वतःशी हा क्रम उलटा लावायचा प्रयत्न केला की त्याची त्यालाच लाज वाटे.

दुसरीकडे कुंकू पुसायला निघालेली भवानीबाई. तिचा नवरा जिवंत, धडधाकट, चार कोसांवर नसला तरी धार संस्थानातच. एका शब्दाचं काम होतं.

त्याने तो शब्द उच्चारला नाही. तो पुन्हा काचेपाशी बसला. कानांवरची पेन्सिल वर चढवली, सगळं डोकं पांढरं केलं. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या. कपाळावरचे केस पेन्सिलीने भरून टाकले, म्हणजे कपाळ मागे सरकून टक्कल पडलं. कपाळ हे केसांतच मोडतं, असं त्याने मनाशी ठरवलं. डोळे, नाक, ओठ, हनुवटी, कशालाही त्याने स्पर्श केला नाही. नेम अगदी काटेकोर पाळला. छापून सोन्याच्या पाण्यातून काढला, हायपोच्या पाण्यात बुडवून पक्का केला, धुतला, वाळवला. सत्तरीचा एक म्हातारा तयार झाला. कुक्षीत आता कुणाच्या बापालाही संशय येणार नव्हता.

"इतके?" भवानीबाई फोटो पाहून म्हणाली.

"परमुलखात माणूस लवकर थकतो, बाई," खंडोजी म्हणाला. "नर्मदेच्या घाटांवर बैरागी असतात, त्यांना दाखवा. महेश्वरकडे जा. कुक्षी-डहीकडे काही हाती लागायचं नाही, तिकडे उगीच पायपीट."

"चेहऱ्याला हात नाही ना लावलात?"

"नाही," तो म्हणाला, आणि हे अक्षरशः खरं होतं. एवढं खरं बोलून इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

बहीणभाऊ गाडी जुंपून गेले. खंडोजीने त्यानंतर बरीच कामं नाकारली. एका वकिलाला वडलांचे केस पिकवून हवे होते. त्याला म्हणाला, डोळे दुखतात. डोळे काही दुखत नव्हते, पण पेन्सिल हातात घेतली की समोर ठसठशीत कुंकू येई. बायकोने देवऋषी आणायचं सुचवलं. तो तिच्यावर वस्सकन ओरडला, आणि मग त्याबद्दलही त्याला वाईट वाटलं. दोनदा कुक्षीला जायची तयारी केली. जाऊन नारायणरावाला काय विचारणार होता? त्याने खोटं सांगितलं होतं आणि आता खंडोजीनेही. दोघांत बोलायला फारसं उरलं नव्हतं.

वैशाख लागला तेव्हा ती परत आली. भास्कर गाडीपाशी बैलांना पाणी पाजत थांबला, ती एकटीच वर आली. खंडोजी उठून उभा राहिला. तिने म्हाताऱ्याचा फोटो चौकटीवर ठेवला.

"महेश्वरला कुणी ओळखलं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"भास्कर म्हणाला, परत फिरू. मी म्हटलं, पोटाची कला कुणी सोडत नाही. जिथे जिनं शिवतात तिथे विचारू. कुक्षीला गेलो."

खंडोजीने चौकटीवरचा म्हातारा उलटा करून ठेवला.

"जिनगराचं घर कुठे विचारलं, तर लोकांनी दाखवलं. मालक बाहेर गेले होते. तुमच्या बहिणीनं बसायला घोंगडी दिली. गोड आहे हो पोर. फोटो पाहून म्हणाली, हे कुणाचे तरी आजोबा दिसतात, आमच्याकडे नाहीत असे कुणी. मग म्हणाली, माझा भाऊही फोटो करतो धारला, बघा, हा त्यानं केलेला. यांचे केस काळे केलेत त्यानं, पण सांगू नका कुणाला."

ती नीट आठवून सांगत होती.

"मी वर बघितलं, तर ओटीवर हे होते. घरातून गेले तेव्हा जसे होते तसे. मला वाटलं, मीच वेडी झाले. मग हातातला तुमचा फोटो घेतला, त्याचे पांढरे केस पदरानं झाकले, कपाळ झाकलं. खाली तोच चेहरा. तुम्ही खरंच हात लावला नव्हतात."

"भवानीबाई—"

"मग ते आले. कानावर पांढरे, मिशा तिळातांदळासारख्या. मी सांगितलं होतं ना तुम्हाला, अगदी तसे. उंबऱ्यात उभे राहिले. मला ओळखलं त्यांनी. मग तुमच्या बहिणीला म्हणाले, बाई उन्हातून आल्यात, गूळपाणी दे. बस. एवढंच. तिचा थोरला तोपर्यंत माझ्या मांडीवर येऊन बसला होता. मी पाणी प्यायले आणि उठले. भास्कर बाहेर होता, त्याला मी काही सांगितलं नाही. कुणालाच सांगणार नाही."

खंडोजी तिच्या पायांशी वाकला. ती मागे सरकली.

"माझी बहीण होती," तो म्हणाला. "तिच्यासाठी—"

"मला कळत नाही का? मीही बहीणच आहे कुणाची तरी. तुम्ही मला खरं सांगितलं असतंत, तर मी काय केलं असतं? जाऊन भांडले असते, किंवा त्या पोराकडे बघून अशीच परत आले असते. काय ते मी ठरवलं असतं, खंडोजीभाऊ. माझं कुंकू होतं ते. तुम्ही एकटे बसून ठरवलंत."

तो खाली बघत राहिला. बाहेर भास्कर बैलाला काहीतरी हिंदीत रागावत होता.

"येत्या अमावास्येला पुतळा जाळणार आहेत," ती म्हणाली. "मी हो म्हणून टाकलंय. पुतळ्यावर फोटो ठेवायचा म्हणतात थोरले दीर. हा म्हातारा मी ठेवणार नाही. हा माझा कुणी नाही, याच्यासाठी मी बांगड्या फोडायच्या नाहीत. जुना फोटोही देणार नाही. तो मुलगा मला सोडून गेला नव्हता, तो माझ्यापाशी होता. जे आज आहेत, त्यांना अग्नी द्यायचाय मला. तुम्ही करून द्या. केस किती पिकलेत ते तुम्हाला ठाऊक आहे."

तो काचेपाशी बसला. तीही बसली, समोरच, पदर सावरून. त्याने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि म्हाताऱ्याचं डोकं पुसलं. पेन्सिल धुऊन निघाली. केस पुन्हा नितळ झाले. राळ लावून त्याने टोक नवं केलं. कानांवर सुरुवात केली. नारायणरावाच्या डाव्या कानामागे एक बट काळीच राहिली होती, भाऊबीजेला कुक्षीला गेला की त्याने ती कितीदा पाहिली होती. ती त्याने सोडली. उजव्या मिशीत पांढरे जास्त, ते तसेच जास्त ओढले. आयुष्यात इतकं खरं काम त्याने केलं नव्हतं. मध्ये त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तो थांबला, बाहीने पुसले आणि पुन्हा लागला, कारण काचेवर थेंब पडला असता तर राळ विटली असती.

उन्हात कागद चढेपर्यंत दोघं गच्चीवर सावलीत बसून राहिली. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. भवानीबाईने ते घेतलं, पण ओठांना लावलं नाही.

फोटो धुऊन वाळला तेव्हा ऊन उतरलं होतं. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि प्रथमच रडली. फार नाही. "असेच आहेत," ती म्हणाली. फडक्यात जुन्या फोटोपासून वेगळा गुंडाळून तिने तो पदराआड घेतला.

खंडोजीने चौकटीतली काच काढली. "ही मी फोडून टाकतो, बाई. तुमच्यासमोर."

ती जिन्यापर्यंत गेली होती. तिने वळून काचेकडे पाहिलं. त्या काचेवर काही ओळखू येत नव्हतं, एक काळा चेहरा आणि पांढरे डोळे.

"नको," ती म्हणाली. "मला जाळायचाय तो मी जाळीन. हा तुमच्याकडे राहू द्या."

खाली भास्करने गाडी जुंपली. खंडोजी दोन्ही हातांत ती काच धरून उभा होता, आणि ती ठेवायची कुठे हे त्याला सुचत नव्हतं.